मदत हवी आहे : बेदाण्याचे दरपत्रक आणि चौकशी अर्ज असलेली वेबसाइट

नमस्कार. तासगाव भागातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा बेदाणा थेट मिठाईवाले, बेकरी आणि किराणा घाऊक व्यापारी यांना विकण्यासाठी आम्ही साधी वेबसाइट तयार केली आहे. हिरवा, पिवळा आणि काळा अशा प्रतींचे 15 किलोच्या पेटीचे दर आमचे सचिव गूगल शीटमध्ये भरतात आणि तेच साइटवर दिसतात.

अडचण अशी आहे की सौद्यातील भाव बदलला की शीटमधील दर लगेच बदलला जातो, परंतु ग्राहकाने आधीच उघडून ठेवलेल्या पानावर जुनाच दर राहतो आणि तो त्याच दराने मागणी नोंदवतो. मग फोनवर घासाघीस सुरू होते. दरासोबत तारीख, वेळ आणि ‘दर आमच्या गोदामातून, वाहतूक व कर वेगळा’ हे आम्ही लिहिणारच आहोत, पण तेवढ्याने वाद मिटेल असे वाटत नाही.

अर्जातील लपवलेल्या रकान्यातून दर पाठवला तर तो ब्राउझरमध्ये कोणालाही बदलता येतो. म्हणून अर्जातून केवळ प्रत, पेट्यांची संख्या आणि पिनकोड घ्यावा, तर त्या क्षणीचा दर अ‍ॅप्स स्क्रिप्टने शीटमधून स्वतः वाचून चौकशीच्या ओळीत नोंदवावा आणि ग्राहकाला तोच दर दाखवून मान्यता घ्यावी, असा विचार आहे. ही रचना योग्य आहे का? असा दर किती तास बंधनकारक ठेवावा, हेही थेट विक्री करणाऱ्यांनी अनुभवावरून कृपया सांगावे.