घडीत गेलेलं अक्षर भरून टाकायचं की कंसात ठेवायचं?

अंबाजोगाईकर:
आजोबांचं १९६१ चं वाटणीपत्र आहे, देवनागरीत, टाक-दौतीनं लिहिलेलं. चुलतभावानं मोबाइलवर फोटो काढून पाठवलाय. कागद चार पदरी घडीचा आणि वर चुरगळलेला. उभी घडी नेमकी क्षेत्राच्या ओळीतून गेलीय. वाचता येतं ते एवढं: "पश्चिमेकडील ६ एकर … ७ गुंठे थोरले बंधू". मधलं गेलंय. एकूण १२ एकर १४ गुंठे आणि धाकट्याचे ५ एकर ३७ गुंठे मात्र स्वच्छ दिसतात. घरच्यांसाठी टाइप करून ठेवतोय. हिशोबानं कळतंच, तर सरळ भरून टाकू का?

जुना कारकून, लातूर:
भरा की. बारा-चौदातून पाच-सदतीस वजा केले की सहा एकर सतरा गुंठे राहतात. म्हणजे १७. आम्ही नोकरीत फाटक्या कागदांच्या नकला करायचो तेव्हा "राहणार", "मौजे" असले शब्द अर्धे असले तरी पूर्णच लिहायचो. कंसांनी भरलेली नक्कल कोणी वाचत नाही. घरच्या म्हाताऱ्या माणसांसमोर ठेवायची तर नितळ ठेवा.

गोदाकाठ, परभणी:
"मौजे" आणि "१७" एका मापानं मोजू नका, काका. "मौजे"च्या जागी दुसरा शब्द बसूच शकत नाही. आकड्याच्या जागी बसतो.

तुमच्या वजाबाकीत पोटखराबा कुठंय? समजा १० गुंठे नाला किंवा बांध वाटणीबाहेर ठेवला असेल, तर उरतात १२ एकर ४ गुंठे. त्यातून धाकट्याचे ५ एकर ३७ गेले की थोरल्याचे ६ एकर ७ गुंठे. म्हणजे घडीत काहीच गेलेलं नाही, नुसती मोकळी जागा होती, असंही होऊ शकतं. ४० गुंठ्यांचा एकर असल्यानं ४७ किंवा ५७ आपोआप बाद होतात, पण ७, १७, २७, ३७ हे चारही लिहिण्यासारखे आहेत. हिशोबानं त्यातले दोन पुढे येतात. त्यातला एक निवडायचं काम कागदानं करायला पाहिजे, आपण नाही.

पाटोदेकर, बीड:
सोपं आहे. जेवढी अक्षरं गेली तेवढे ठिपके द्यायचे. एक गेलं तर एक, तीन गेली तर तीन. भांडणच मिटलं.

गोदाकाठ, परभणी:
ठिपके द्यायची पद्धत बरोबर आहे, पण किती गेली हे ठरवणंच अवघड. "क्ष" जितकी जागा घेतो तितक्यात "रा" आरामात बसतो. त्यात घडीचा उतार कॅमेऱ्याकडं तिरका असतो, म्हणून तिथली अक्षरं फोटोत दबून अरुंद दिसतात. दोन अक्षरांची जागा एकाची वाटते.

मी असं करते. तीच घडी वरच्या-खालच्या ओळींतून जिथं जाते तिथं ओळखीचा शब्द शोधायचा. अंबाजोगाईकर, तुमच्या फोटोत क्षेत्राच्या वरच्या ओळीत काय आहे?

अंबाजोगाईकर:
"वडिलोपार्जित". घडीवर "पा"चा काना आणि प चा उजवा दांडा दिसत नाही. बाकी सगळं आहे. खालच्या ओळीत "समजुतीने" आहे, त्यातल्या "जु"ची उजवी कड आणि खालचा उकार गेलाय.

गोदाकाठ, परभणी:
मग घडी साधारण अर्धं अक्षर खाते. आता एकर आणि ७ यांच्यामध्ये पूर्ण १ असता तर तो अख्खा नाहीसा व्हायला नको. डाव्या बाजूला गोलाईची कड किंवा उजवीकडं शेपटीचं टोक दिसायला पाहिजे. ते शोधा. सावलीला मात्र फसू नका. उभ्या घडीची काळी रेघ फोटोत हुबेहूब कान्यासारखी दिसते. सरळ, सगळीकडं सारखी जाड आणि वरच्या-खालच्या ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेतही चालू राहणारी रेघ असेल तर ती सावली. शाईची रेघ ओळीपुरतीच असते.

फोटो परत काढून मागवा. कागद सपाट ठेवून, एकदा खिडकी डावीकडं, एकदा उजवीकडं. उजेड कडेनं, जवळजवळ कागदाला चिकटून आला पाहिजे. सावली जागा बदलते, शाई बदलत नाही. आणि स्कॅन करणाऱ्या ॲपचं काळं-पांढरं करणं बंद. ते सावलीला शाई करतं आणि फिक्या शाईला कोरा कागद.

ज्वारीचं रान, नांदेड:
एवढी डोकेफोड काहून? तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून १९५४-५५ चं खासरा पत्रक काढा, क्षेत्र पोटखराब्यासकट कळेल. आमचं तर त्याच्यावरच मिटलं.

गोदाकाठ, परभणी:
जरूर काढा, पोटखराब्याचा प्रश्न त्यानं सुटेल. पण खासऱ्यात १९६१ ची वाटणी कशी सापडणार? त्यावरून काही भरलंत तर तिथं तसं लिहून ठेवा. नाहीतर पुढं कोणी हे वाटणीपत्र खासऱ्याला दुजोरा म्हणून दाखवेल आणि तो आकडा खासऱ्यातूनच आलेला असेल.

लेक हिंगोलीची:
माझं वेगळं आहे. आईनं वहीत ओव्या लिहून ठेवल्या होत्या. वही मोडून मोडून मधल्या ओळी गेल्या. आई त्या म्हणून दाखवते, म्हणून मी भरते, कंस देत नाही. आईचीच ओवी, आईच्याच तोंडून. त्यात खोटं काय?

गोदाकाठ, परभणी:
ताई, खोटं काहीच नाही. पण आईनं तेव्हा लिहिली ती ओवी आणि आज म्हणते ती ओवी यांत एखादा शब्द बदललेला असू शकतो. दोन्ही मोलाच्या आहेत, म्हणून वेगळ्या ओळखू याव्यात.

लेक हिंगोलीची:
मला नाही पटलं. वही माझ्या लेकरांसाठी आहे, अभ्यासकांसाठी नाही. कंस आले की गाता येत नाही.

जुना कारकून, लातूर:
हेच म्हणतोय मी. बरं, कंस द्यायचे तर कसे? अर्धं दिसणारं आणि अजिबात न दिसणारं एकाच कंसात?

गोदाकाठ, परभणी:
नाही. शिलालेख आणि पपायरस वाचणाऱ्यांनी १९३१ मध्ये लायडनला यावर एकमत केलं होतं: गेलेला मजकूर चौकोनी कंसात, शंकास्पद अक्षराखाली टिंब. टिंब आपल्याला चालत नाही, देवनागरीत तो नुक्ता होतो. म्हणून मी अक्षरापुढं प्रश्नचिन्ह टाकते. व्यंजन गेलं पण वेलांटी राहिली तर ठिपक्यांच्या वर्तुळावर वेलांटी:

```
६ एकर [१]७ गुंठे    पूर्ण गेलेलं, अंदाजानं भरलेलं
६ एकर १?७ गुंठे     खूण दिसते, खात्री नाही
६ एकर [.]७ गुंठे    गेलेलं, भरलेलं नाही
[◌ी]               व्यंजन गेलं, वेलांटी आहे
```

आणि काकांचं एक मान्य: "मौजे"चा जरासा काना झिजला म्हणून कंस देऊ नये. वाचणारा अडखळणार नाही तिथं खूण नको.

अंबाजोगाईकर:
भावानं खिडकीजवळ दोन फोटो काढले. काळी उभी रेघ सावलीचीच निघाली, दुसऱ्या फोटोत सरकली. तिच्या डावीकडं शाईचं छोटं वळण आहे, वर गोलसर. १ चं वाटतं. पण २ चंही डोकं असंच दिसतं.

जुना कारकून, लातूर:
२ असता तर २७. कुठल्याच हिशोबात बसत नाही. १ लिहा.

गोदाकाठ, परभणी:
पोटखराब्याचे ७ मात्र आता मागे पडले, कारण तिथं शाई आहे. "१?७" लिहा आणि खाली एक ओळ टाका: डाव्या कडेचं वळण दिसतं, वजाबाकीनं १७ येतात. कागदावर कुठं "अक्षरी" लिहिलंय का तेही पाहा, आकडा शब्दांत असेल तर वादच संपेल.

अंबाजोगाईकर:
"अक्षरी" आहे, पण ते आडव्या घडीवर, चार घड्या मिळतात तिथं. तिथं कागदाला भोकच आहे. "सहा एकर स" एवढंच उरलंय.

पाटोदेकर, बीड:
"स" म्हणजे सतराच! सात असतं तर "सा" दिसलं असतं.

गोदाकाठ, परभणी:
स नंतर लगेच भोक आहे का? असेल तर काना भोकात गेलेला असू शकतो. त्या जागेचा जवळून फोटो मागवा, आणि फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.