भाडं आगाऊ की वर्षअखेर?

> लीज करारात वस्तूची किंमत १०,००,०००, तीन वार्षिक भाडी मिळून १०,१४,२८२, रेसिड्युअल म्हणजे शेवटी उरणारी किंमत १,००,०००, दर १०% लिहिलाय. माझा ५.४% येतो.

तुम्ही भाडं वर्षअखेरीला धरलंय, म्हणून. ते आगाऊ असेल तर ३,३८,०९४ पहिल्याच दिवशी वजा होतात आणि व्याज फक्त उरलेल्या ६,६१,९०६ वर लागतं, म्हणजे ६६,१९१. दुसरं भाडं गेल्यावर बाकी ३,९०,००३, त्यावर व्याज ३९,०००. तिसऱ्यानंतर ९०,९०९ उरतात. तिथे बरेच जण थांबतात, कारण भाडी संपलेली असतात! पण वर्ष संपायचंय. ९,०९१ व्याज धरलं की बरोबर १,००,००० होतात.

व्याजाची बेरीज १,१४,२८२. एकूण भाडी अधिक रेसिड्युअल वजा किंमत, तेवढेच. मात्र भाडं वर्षअखेरीला धरून साधारण ५.४% लावला तरी ही बेरीज आणि शेवटची बाकी दोन्ही जुळतात. करारात भाड्याची तारीख तेवढी बघा.