मदत हवी आहे: लाल आणि निळा गोळा मळून जांभळा होतच नाहीये, परवा शाळेत हवाय

सानूची_आई (मंगळवार, रात्री ११:१४)
लेकीच्या प्लेग्रुपमध्ये परवा 'जांभळा दिवस' आहे. १४ मुलं, सगळी तीन-साडेतीन वर्षांची. मीच उत्साहाच्या भरात बोलून बसले की प्रत्येकाला खेळायच्या पिठाचा एक लाल आणि एक निळा गोळा देऊ, मळता मळता जांभळा होईल, पोरं खूश. आज घरी करून बघितलं तर शेणाचा गोळा झाला. अक्षरशः. मग निळा वाढवला, तर ओल्या सिमेंटसारखा. लाल वाढवला, तर वीट. लाल आणि निळा मिळून जांभळा होतो हेच शिकलोय ना आपण? काय चुकतंय? सामान आणायला फक्त उद्याचा दिवस आहे, प्लीज लवकर सांगा.

प्राची_के
कशात काय घातलं ते तरी सांग.

सानूची_आई
नेहमीचंच गं. पीठ, मीठ, तेल, पाणी. रंग किराणा दुकानातले, खायचे. त्यात काय असणार चुकायला!

खडूस_काका
किराणा दुकानातले रंग, तिथेच घोडं पेंड खातंय. भेसळ असते सगळी. केकवाल्यांकडचे जेल रंग आणा, दोन थेंबांत काम होईल. स्वस्तात मस्त काही नसतं.

उनाड_वारा
एवढी यातायात कशाला? माझ्याकडे होळीचा जांभळा रंग उरलाय, पाव किलो तरी असेल. ठाण्यात असाल तर घेऊन जा.

प्राची_के
उनाड, तीन वर्षांची पोरं आहेत ती, हातातली प्रत्येक वस्तू आधी तोंडात जाते. होळीच्या रंगाच्या पिशवीवर आत काय आहे ते तरी लिहिलेलं असतं का? आणि मुळात तिला तयार जांभळा नकोय, मुलांच्या हातात तो होताना दिसायला हवाय.

रंगारी
ताई, दोन गोष्टी सांगा. पीठ म्हणजे कणीक की मैदा? आणि लाल रंगाच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात आकडे छापलेले असतील, ते इथे लिहा. निळ्याच्या मागचेही. अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात २२ वर्षं काढली आहेत, आकडे बघितल्याशिवाय अंदाजाने काही बोलणार नाही.

सानूची_आई (बुधवार, सकाळी ७:०२)
कणीक. चक्कीवरून दळून आणलेली, पोळ्यांचीच. घरात तीच होती. लाल पाकिटावर १२४ आणि ११० आहे, निळ्यावर फक्त १३३. त्याने काय होतं?

रंगारी
त्यानेच सगळं झालंय. ११० हा खाद्यरंगांतला नारिंगी पिवळा. म्हणजे तुमच्या लाल पाकिटात कारखान्यातूनच पिवळा मिसळून आलाय. डोळ्यांना तो छान टोमॅटोसारखा लाल दिसतो, म्हणून दुकानात खपतो. १२४ हा लालही मुळात थोडा नारिंगीकडे झुकणारा. त्यावर तुमची कणीक. कोंड्यामुळे ती आधीच पिवळट-तपकिरी असते. म्हणजे तुम्ही लाल आणि निळा मिसळत नव्हता, लाल, निळा आणि दोन ठिकाणांहून आलेला पिवळा मिसळत होता. तिन्ही एकत्र आले की शेणच होणार.

खडूसराव, भेसळ वगैरे काही नाही. दोन्ही रंग आपल्याकडे खाण्यात चालतात आणि पाकिटावर उघड छापलेत. जेल आणलं आणि त्यातही ११० असलं, तर महागातलं शेण होईल.

खडूस_काका
पण तत्त्व तर तेच ना? लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेपासून ऐकतोय.

रंगारी
कागदावर सोपं पडतं म्हणून तसं शिकवतात. तुमच्या प्रिंटरचं झाकण उघडून बघा. त्यात लाल शाई नसते, गुलाबी असते, आणि निळी आकाशी-हिरवटाकडे झुकलेली. १३३ हा निळा थेट त्याच जातीचा आहे. त्याला जोडीदार गुलाबीच लागतो. ताई, दुकानात 'गुलाबी' किंवा 'रास्पबेरी' मागा आणि मागे १२२ किंवा १२७ एकटाच असेल असं पाकीट घ्या. १०२ किंवा ११० सोबत दिसलं की परत ठेवा. आणि मैदा आणा.

आजी_ऑनलाइन
अगं, बाजारात कशाला धावतेस? गोकर्णीचा वेल आहे का कुणाच्या कुंपणावर? निळी फुलं, पंधरा-वीस, कपभर कढत पाण्यात टाक. पाच मिनिटांत शाईसारखं निळं पाणी होतं. त्यात मैदा भिजव, आणि मुलांसमोर लिंबाचे चार थेंब पिळायला लाव. निळ्याचा जांभळा! माझी नात टाळ्याच पिटायला लागली. रंगाचं पाकीट नको, काही नको.

प्राची_के
आजी, हे भारीच. पण हे दोन रंगांचं मिश्रण नाही ना, लिंबाच्या आंबटपणाने रंग बदलतो. सोडा घातला तर हिरवट होईल.

आजी_ऑनलाइन
पोरांना काय त्याचं! जांभळा झाला की झालं.

प्राची_के
नाही, तीन वर्षांच्या मुलाला उद्या कुणी विचारलं तर तो "निळ्यात लिंबू घातलं" म्हणेल :) वेगळ्या दिवशी करावं. माझं म्हणणं, गोळा सोड आणि फिंगर पेंट कर. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालव, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतत ढवळ. साड्यांना घालायची खळ होते ना, तसं पारदर्शक घट्ट झालं की बंद. गार झाल्यावर रंग. पांढऱ्या ताटलीत एका बाजूला गुलाबी, एका बाजूला निळा ठिपका ठेव. बोट फिरवलं की मधे जांभळ्या रेघा उठतात, त्या दिसतात. गोळ्यात सगळं आतल्या आत होतं.

सानूची_आई (बुधवार, दुपारी १:४०)
शाळेला फिंगर पेंट नकोय, गेल्या वेळी भिंत रंगली होती. गोळाच करायचाय.

पण रंगारी, मैदा आणि गुलाबी दोन्ही मिळालं. मागे फक्त १२७. एकदम सगळं बदललं तर नेमकं काय चुकत होतं ते कळणार नाही, म्हणून बोराएवढ्या गोळ्या करून बघितल्या:

कणीक आणि जुना लाल, त्यात निळा: शेण. हे माहीतच होतं.
मैदा आणि जुना लाल, त्यात निळा: शेण नाही, पण फिकट चॉकलेटी.
कणीक आणि गुलाबी, त्यात निळा: मळकट वांग्याच्या सालीसारखा.
मैदा आणि गुलाबी, त्यात निळा: जांभळा!!! जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसा.

म्हणजे दोन्ही चुका होत्या, पण मोठी लाल रंगाची.

रंगारी
शाब्बास. अशी गोळी-गोळी तपासणी आमच्याकडे नव्या पोरांना सांगून सांगून घसा बसायचा. प्रमाण किती घेतलंत?

सानूची_आई
सारखं. नको होतं का?

रंगारी
निळा फार तगडा असतो. तीन वर्षांची मुलं सारखे गोळे मळतील आणि तो गडद निळाच होऊन बसेल. दोन उपाय. गुलाबी गोळा लिंबाएवढा आणि निळा बोराएवढा द्या, किंवा गोळे सारखेच ठेवून निळ्या गोळ्यात मुळातच रंग एक तृतीयांश घाला. दुसरा बरा, मुलं भांडत नाहीत. आणि रंग मैद्यावर भुरभुरू नका, पाण्यात विरघळवून ते पाणी घाला. हातही कमी रंगतात.

पावसाळी_बेडूक
माझा प्रश्न थोडा वेगळा. आमच्याकडे मालवणात जूनमध्ये केलेला गोळा दुसऱ्या दिवशी ओघळ सोडायला लागतो. काय करावं?

प्राची_के
मीठ हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात तसंच होणार. घट्ट डब्यात ठेव, लागला तर चमचाभर मैदा मळून घे. कच्चा मळण्यापेक्षा शिजवलेला बरा टिकतो: एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, चमचाभर तेल, थोडं लिंबू, मंद आचेवर गोळा कडा सोडेपर्यंत ढवळायचं.

टॉमीचा_बाबा
मिठाचा हा गोळा कुत्र्यापासून लांब ठेवा. आमच्या टॉमीने अर्धा खाल्ला आणि रात्री डॉक्टरकडे धावाधाव झाली. सलाईन लावावं लागलं.

खडूस_काका
धागा जांभळ्याचा, चर्चा कुत्र्याची. चालू द्या.

सानूची_आई (बुधवार, रात्री १०:२०)
प्राची, तू सांगितलेल्या पद्धतीने शिजवून १४ मुलांचं केलं. निळा सुरेख. पण गुलाबी गोळ्यात बारीक बारीक लाल ठिपके दिसताहेत, तीळ टाकल्यासारखे! दुपारच्या गोळ्यांत नव्हते. आता काय??

प्राची_के
पावडर नीट विरघळली नसेल. मळत राहा, जातील.

सानूची_आई
विरघळवली होती गं, गाळून घातली.

रंगारी
दुपारी लिंबू घातलं होतं का?

सानूची_आई
नाही. आता शिजवताना दोन चमचे.

रंगारी
मग मला लिंबाचाच संशय येतो. १२७ ला आंबट मानवत नाही, तो पाण्यातून सुटून कणाकणाने बसतो. १२२ असता तर हा त्रास नसता. अर्ध्या मैद्याचा लिंबाशिवाय एक घाणा काढून बघा.

प्राची_के
मी आजवर दहा वेळा लिंबू घालून गुलाबी केलाय, कधी ठिपके आले नाहीत.

रंगारी
तुमच्या पाकिटावर काय आकडा आहे?

प्राची_के
पाकीट केव्हाच फेकलं.

खडूस_काका
म्हणजे ठिपक्यांचा निकाल राखून ठेवला.

सानूची_आई
लिंबाशिवायचा घाणा चढवलाय गॅसवर. ठिपकेवाल्यातून एक चिमूट काढून निळ्याबरोबर मळली, तर जांभळा झाला, पण जवळून बघितलं की ठिपके दिसतातच. मुलांना चालेल, मला बघवत नाहीये. आजी, गोकर्णीचा वेल खालच्या सोसायटीच्या कुंपणावर दिसला. पुढच्या महिन्यात निळा दिवस आहे, तेव्हा येते विचारायला.