सबटायटल चित्रातच बर्न करू की वेगळी फाइल देऊ? (रविवारी शो आहे)

परळकरीण
आमच्या चाळीतल्या एका निवृत्त गिरणी कामगार आजोबांवर २२ मिनिटांची फिल्म केली आहे. इंग्रजी आणि मराठी अशा दोन एसआरटी तयार आहेत. मराठी मुद्दाम केली, कारण आजोबांच्या एका दोस्ताला ऐकू येत नाही. रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये पेनड्राइव्ह लावून टीव्हीवर दाखवायची, मग यूट्यूब आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. काल टीव्हीवर लावून पाहिली. इंग्रजी नीट दिसतं, मराठीची वाट लागली. लॅपटॉपवर व्हीएलसीत मात्र सगळं ठीक आहे.

रात्रपाळी
सोपं आहे. नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. बर्न कशाला? तो जुना प्रकार झाला.

परळकरीण
केलं दादा, फरक नाही.

कट_टू_दादर
ताई, वाट लागली म्हणजे नक्की काय दिसतं? चौकोन, इंग्रजी चिन्हांचा कचरा, की मराठीच पण विचित्र?

परळकरीण
मराठीच. 'गिरणी'चं 'गरिणी' झालंय आणि जोडाक्षरं पाय मोडून वेगळी पडलीत.

कट_टू_दादर
मग फाइल बरोबर आहे. कचरा दिसला असता तर रात्रपाळींचा उपाय लागू पडला असता, चौकोन दिसले असते तर टीव्हीत देवनागरी फॉन्ट नाही म्हटलं असतं. इथे फॉन्ट आहे, पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची हे त्या प्लेअरला कळत नाही. ते तुमच्या हातात नाही, म्हणून हॉलसाठी बर्नच करा:

```
ffmpeg -i film.mp4 -vf subtitles=mr.srt -c:a copy hall.mp4
```

व्हॉट्सअ‍ॅपलाही बर्न केलेलीच प्रत, कारण तिथे वेगळी फाइल जोडायची सोय नाही. यूट्यूबला मात्र कोरी फिल्म चढवा आणि दोन्ही एसआरटी जोडा, ज्याला जी भाषा हवी ती तो निवडेल. कोरी मास्टर कॉपी जपून ठेवा. बर्न केलेली अक्षरं परत निघत नाहीत. उद्या एखादं वाक्य बदललं तर एसआरटी दुरुस्त करून नवी प्रत काढायची, बस्स.

सासूबाई_नंबर_वन
आमच्या टीव्हीवर सिरियलखाली इंग्रजी येतं ते कसं घालवायचं?

रात्रपाळी
काकू, रिमोटवर सबटायटलचं बटण बघा. त्याने गेलं नाही तर ते बर्न केलेलं आहे, जाणार नाही 😄 (आणि हो, माझा उपाय चुकला.)

परळकरीण
कमांड चालली! टीव्हीवर 'गिरणी' आता गिरणीच दिसते. पण हॉलमध्ये आजोबांची अमराठी सूनही येणार. दोन्ही भाषा एकाखाली एक बर्न केल्या तर चार ओळी होतात आणि सूत जोडणारे आजोबांचे हात नेमके त्यामागे झाकले जातात.

कट_टू_दादर
मी हॉलमध्ये मराठीच ठेवली असती आणि सूनबाईंना यूट्यूबची लिंक दिली असती.

रात्रपाळी
त्यापेक्षा इंग्रजी वर, मराठी खाली?

परळकरीण
वर आजोबांचा चेहरा आहे. आज रात्री दोन्ही प्रती काढून बघते.