‘स्थानिक वेळ’ नक्की कोणाची?

शब्दखुणा: शनिवारी, १४ मार्च २०२६ला ऑनलाइन परिसंवाद आहे. मेल मुंबईतून जाणार, श्रोते लंडन, न्यूयॉर्क आणि सिडनीतही आहेत. आठवणीच्या मेलचा इंग्रजी मसुदा हाती आला, त्यातलं ‘लोकल टाइम’ मी ‘सायं. ७.३० (स्थानिक वेळ)’ असं केलं. सहकारी म्हणते, लंडनचा माणूस हे वाचून त्याच्याकडच्या साडेसातला येईल. मला वाटतं स्थानिक म्हणजे कार्यक्रमाच्या ठिकाणची. शिवाय दुवा चालला नाही तर काय करायचं, त्या ‘फॉलबॅक’ला मराठी शब्द हवा आहे.

प्रभादेवीकर: दोन्ही चूक. मराठी भूगोलात ‘स्थानिक वेळ’ सूर्यावरून ठरते, दर रेखांशाला ४ मिनिटांचा फरक. तुम्हाला म्हणायचंय ती ‘प्रमाणवेळ’. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि शहरात ती १९५५पर्यंत टिकली. ज्या गावात हे दोन शब्द इतकी वर्षं वेगळे नांदले, तिथे ते एक करू नका. ‘भारतीय प्रमाणवेळ’ लिहा.

रेघ: शाळेच्या पुस्तकापुरतं बरोबर आहे. विमानाच्या तिकिटावर ‘स्थानिक वेळ’ म्हणजे त्या गावचं घड्याळ, आणि लोक तेच समजतात. अर्थ वापरानं ठरतो. पण परिसंवादाला गाव नसतं, म्हणून हा शब्द इथे लंगडा पडतो. विशेषणाऐवजी शहराचं नाव लिहा. ‘IST’ही एकटं नको, आयर्लंड आणि इस्रायलची वेळही त्याच तीन अक्षरांत लिहितात.

शब्दखुणा: मग लंडन साडेपाच तास मागे, न्यूयॉर्क साडेदहा. दुपारी २ आणि सकाळी ९?

रेघ: लंडन बरोबर, न्यूयॉर्क चूक. उन्हाळी वेळेसाठी अमेरिकेतली घड्याळं ८ मार्चला तासभर पुढे जातात, ब्रिटनमधली २९ मार्चला. मधले तीन आठवडे नेहमीचं पाठांतर उपयोगी पडत नाही. तुमच्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये सकाळचे १० वाजलेले असतील. नऊ लिहिलंत तर ती मंडळी तासभर आधी येऊन रिकाम्या खोलीत बसतील. हीच मेल २९ तारखेच्या कार्यक्रमाला चालवलीत, तर लंडनला २ऐवजी ३ वाजतील. फरक पाठ करू नका, त्या तारखेला त्या शहराची वेळ पाहा.

आजोळ: आणि सिडनी? तिथे तेव्हा रात्रीचा १. पण वार कोणता लिहायचा? आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. ‘शनिवारी रात्री १’ म्हटलं तर शनिवारची रात्र सरतानाचा एक, हाच अर्थ डोक्यात येतो.

प्रभादेवीकर: पंचांगाप्रमाणे तेच योग्य.

रेघ: घड्याळाप्रमाणे तो रविवार, १५ मार्च. ‘शनिवारी रात्री १’ कॅलेंडरमध्ये टाकणारा २४ तास आधी जागा राहील. ‘शनिवारची रात्र उलटून, रविवार १५ मार्च, पहाटे १’ असं लिहा. लांबलं तरी चालेल.

आजोळ: एकला पहाट कुठली? पहाट चारनंतर! ‘उत्तररात्री’ म्हणा.

टिपणवही: आमच्या कार्यालयात स्मरणपत्र क्र. २ला उत्तर आलेलं नाही, तिसऱ्यात भाषा किती कडक असावी?

शब्दखुणा: ते स्मरणपत्र वेगळं. म्हणूनच विषयाच्या ओळीत मी तो शब्द टाळला. वाचणाऱ्याला वाटतं, आपलंच काही राहिलंय. ‘आठवण : शनिवारचा परिसंवाद’ पुरे. ‘फॉलबॅक’चं कोणी बोललंच नाही.

प्रभादेवीकर: ‘पर्यायी दुवा’.

रेघ: तो अपुरा आहे. दुसरा दुवाही त्याच खात्यातला असेल तर खातं अडल्यावर दोन्ही जातील. शीर्षक ‘दुवा उघडला नाही तर’ असं द्या आणि खाली काय करायचं ते लिहा. झूमचा दुवा उघडून पासकोड मागत असेल, तर बहुधा शेपूट तुटलंय, `?pwd=`पासून पुढचं. लांब ओळ मधेच मोडली की असं होतं. म्हणून दुवा स्वतंत्र ओळीवर ठेवा, शेवटी पूर्णविराम नको, तोही दुव्याला चिकटतो. खाली मीटिंग क्रमांक आणि पासकोड वेगळे द्या, इंग्रजी अंकांत, म्हणजे ॲपमध्ये थेट टाकता येतील. खोलीच उघडली नाही, तर ‘मुंबईच्या ७.४०पर्यंत थांबा, नवा दुवा याच पत्त्यावरून येईल’. मिनिट लिहिलं नाही तर लोक पाच मिनिटांत निघून जातात.

आजोळ: पण ‘दुवा’ म्हटलं की आईला आशीर्वादच आठवतो. अरबीतून आलेला शब्द आहे तो.

प्रभादेवीकर: आशीर्वादाचा दुवा अरबी, साखळीचा दुवा वेगळा. तो ‘दोन’वरून आला, दोन कड्या जोडणारा.

आजोळ: हे ‘दोन’ कशावरून?

शब्दखुणा: विषयाची ओळ ठरली, शहरांची नावं घातली. सिडनीपुढे ‘पहाटे’ की ‘उत्तररात्री’, तेवढं सांगा. मेल शुक्रवारी सकाळी जायची आहे.

टिपणवही: ‘मध्यरात्रीनंतर’ चालेल का?

प्रभादेवीकर: मध्यरात्र कोणाची, घड्याळाची की पंचांगाची?