खोके ढकलण्याच्या लेव्हल: सुटणाऱ्या कशा बनवाव्यात आणि अवघडपणा कसा मोजावा?

मृण्मयी_क
सोकोबानच्या धर्तीवरचा खेळ लिहितेय. सध्या भिंती, खोके आणि खुणेच्या चौकटी कुठेही टाकते आणि सॉल्व्हरला विचारते, सुटतंय का? बहुतेक लेव्हल सुटतच नाहीत. ज्या सुटतात त्यांची क्रमवारी मी किमान ढकलण्यांवरून लावते, पण सगळ्यात वर येतात त्या लेव्हल अतिशय कंटाळवाण्या निघतात. दोन गोष्टींवर सल्ला हवाय: सुटणारीच लेव्हल तयार होईल अशी पद्धत कोणती, आणि अवघडपणासाठी सॉल्व्हरकडून नेमका कोणता आकडा घ्यायचा? खोली साधारण ४० चौकटींची, खोके ३ ते ५.

उलटा_पाढा
उलटीकडून सुरू करा. खोके आधी खुणेवर ठेवा आणि खेळाडूला ते ढकलायला न लावता खेचायला लावा. जिथे पोचाल ती लेव्हल सुटणारच, कारण आलात तोच रस्ता उलटा चालायचा. मग सॉल्व्हरची गरजच उरत नाही. अवघडपणा हवाच असेल तर सॉल्व्हरने किती स्थिती तपासल्या ते मोजा. जास्त स्थिती म्हणजे जास्त अवघड, हिशोब सरळ आहे.

समीर७१
मी बराच वेळ एका लेव्हलवर अडकलोय. खोका कोपऱ्यात गेलाय, भिंतीला टेकलाय, तो बाहेर कसा काढायचा? खेचायची सोय कुठे मिळते?

उलटा_पाढा
समीर, कोपऱ्यातला खोका निघत नाही, चाल मागे घ्या. हा धागा लेव्हल बनवण्याबद्दल आहे.

मृण्मयी_क
उलटी पद्धत करून पाहिली. दोन अडचणी आल्या. काही लेव्हल चक्क सुटत नाहीत. आणि ज्या सुटतात त्यांतल्या काही, जनरेटरने "खूप दूर" म्हणूनही, एका ढकलण्यात संपतात!

वास्तुपुरुष
दोन्हींची कारणं ओळखीची वाटतात.

न सुटणाऱ्यांचं आधी. खेचताना खेळाडू खोक्याला लागून उभा असतो आणि स्वतः एक चौकट मागे सरकतो. म्हणजे त्या दिशेला एक नाही, दोन चौकटी मोकळ्या लागतात. बऱ्याच जणांच्या कोडमध्ये एकच तपासलेली असते, मग खेळाडू भिंतीत शिरतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

```
# b: खोका, d: खेचण्याची दिशा
if free(b+d) and free(b+2*d) and (b+d) in reach:
    pull(b, d)   # खोका b+d, खेळाडू b+2*d
```

यातला `reach` म्हणजे खेळाडूला खोके न हलवता जिथवर चालत जाता येतं तो भाग. दुसऱ्या अडचणीचं मूळ तिथेच आहे. लेव्हल साठवताना तुम्ही फक्त खोक्यांच्या जागा ठेवता आणि खेळाडूला कुठेही उभं करता, असा माझा अंदाज. हे पाहा:

```
########
#+$    #
####   #
   #####
```

`+` म्हणजे खुणेवर उभा खेळाडू. खोका खुणेपासून एकाच चौकटीवर आहे, पण खेळाडू चुकीच्या बाजूला. त्याने खोका उजवीकडे तीनदा ढकलून खोलीत न्यायचा, खालून वळसा घालून पलीकडे जायचं आणि चारदा डावीकडे आणायचा. एकूण सात. याच खोक्यासाठी खेळाडू खोलीत उभा केलात, की एका ढकलण्यात खेळ संपला. म्हणून स्थिती म्हणजे खोक्यांच्या जागा अधिक खेळाडूचा भाग. त्या भागातली सर्वांत वरची-डावी चौकट खूण म्हणून साठवली की पुरतं.

आता उलटा_पाढा यांच्या म्हणण्याविषयी. उलट्या बाजूने रुंदीने शोध घेतला, तर लेव्हल सुटते हे आपोआप सिद्ध होतं आणि पातळीचा आकडा हाच किमान ढकलण्यांचा आकडा असतो, हे खरं. सुरुवात मात्र खेळाडूच्या प्रत्येक वेगळ्या भागातून करा, एकाच भागातून नको. पण तपासलेल्या स्थितींवरून अवघडपणा ठरवणं मला पटत नाही. वरच्या लेव्हलशेजारी ही ठेवा:

```
############
#@$       .#
############
```

हिच्यात आठ ढकलणी, म्हणजे पहिलीपेक्षा एक जास्त. पुढच्या दिशेने शोध घेऊन मोजा: दोन्हींत बरोबर नऊ स्थिती मिळतात. म्हणजे एक आकडा दोघींना सारखं म्हणतो आणि दुसरा बोळाला जास्त अवघड ठरवतो. खेळणाऱ्याला बोळात विचारच करावा लागत नाही. पहिलीत मात्र खोका खुणेपासून लांब न्यायला सुचावं लागतं, आणि चौथ्यांदा ढकलला तर तो कोपऱ्यात कायमचा अडकतो.

मी दोन गोष्टी मोजतो. पहिली: एकाच खोक्याची एकाच दिशेतली सलग ढकलणी ही एक रेघ. बोळात एक, पहिलीत दोन. टेलर आणि पारबेरी यांनी २०११ मध्ये लेव्हल बनवण्यासाठी हेच माप वापरलं होतं. दुसरी: किमान ढकलण्यांतून सरळ अंतर वजा करायचं. बोळात आठ वजा आठ, शून्य. पहिलीत सात वजा एक, सहा. हा फरक म्हणजे मनाविरुद्ध करावा लागणारा वळसा. खोके अनेक असतील तर कोणता खोका कोणत्या खुणेवर, याची सर्वांत कमी बेरीज सरळ अंतर म्हणून धरा.

उलटा_पाढा
बोळाचं पटलं. पण तुमचं उदाहरण एका खोक्याचं आहे. चार-पाच खोके झाले की एकमेकांच्या वाटेत येतात, आणि तेव्हा स्थितींचा आकडा काहीतरी सांगतोच.

वास्तुपुरुष
सांगतो, पण लेव्हलइतकंच सॉल्व्हरबद्दलही. मेलेल्या चौकटी आधी काढून टाकल्या, म्हणजे जिथून एकटा खोकाही कुठल्याच खुणेवर पोचत नाही त्या, तर त्याच लेव्हलचा आकडा एकदम खाली येतो. लेव्हल बदललेली नसते. एकाच सॉल्व्हरने, तीच छाटणी ठेवून मोजलेत तरच तुलना करा. मी तो लेव्हल गाळायला वापरतो, क्रमवारीला नाही.

जुना_खेळाडू
मी कोड लिहीत नाही, खेळतो. मला अवघड वाटते ती लेव्हल, जिथे चूक दहा चालींनंतर कळते. कोपऱ्यातली चूक लगेच दिसते, तिचा त्रास नाही. हे तुमच्या आकड्यांत कुठे बसतं?

वास्तुपुरुष
अजून बसलेलं नाही. सापळे मोजता येतात: उकलीच्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी किती ढकलणी अशा आहेत, ज्यानंतर लेव्हल सुटूच शकत नाही. लहान खोलीत हे जमतं, कारण उलट्या शोधाच्या यादीत नसलेली स्थिती म्हणजे मेलेली स्थिती. पण चूक किती उशिरा *जाणवते* याचं चांगलं माप माझ्याकडे नाही. यारुशेक आणि पेलानेक यांनी माणसांना लागलेला वेळ तपासला होता, तिथेही नुसत्या उकलीच्या लांबीवरून तो वेळ नीट सांगता आला नाही.

मृण्मयी_क
दोन्ही चुका सापडल्या. एकच चौकट तपासत होते, आणि खेळाडू खरंच कुठेही टाकत होते. आता प्रत्येक लेव्हलची उकल उलटवून खेळाच्याच कोडमधून चालवून पाहते. एखादी अडकली की जनरेटर तिथेच थांबतो. ४० चौकटींत सगळ्या स्थिती स्मरणात मावतील का?

वास्तुपुरुष
चार खोक्यांच्या मांडण्या ९१,३९० होतात, वर खेळाडूचे भाग. आरामात मावतील. पाचही. आठ झाले की ७ कोटी ६९ लाखांच्या पुढे, तिथे हा मार्ग सोडा आणि तयार सॉल्व्हर घ्या. फेस्टिव्हल चांगला आहे, एक्ससोकोबानच्या नव्वदच्या नव्वद लेव्हल २०२० मध्ये त्याने सोडवल्या.

मृण्मयी_क
मग पाचवर थांबते. वळसा आणि रेघा यांवर क्रमवारी लावली तर बोळवाल्या सगळ्या तळाला गेल्या. पण वरच्या दोन लेव्हलचे आकडे तंतोतंत सारखे आहेत, रेघा नऊ आणि वळसा बारा, तरी एक मला दोन मिनिटांत सुटली आणि दुसरी अर्ध्या तासात. दोन्ही इथे टाकते. जुना_खेळाडू, तुम्ही खेळून सांगाल का, चूक कुठे कळली?