क्लासचे नियम पालकांना कळतील असे कसे लिहिलेत? अनुभव सांगा

माझा छोटा क्लास आहे, दोन बॅच, प्रत्येकी दहा मुलं. नियमांत लिहिलं होतं, "बुडलेला तास भरून दिला जाईल." एका मुलाचे महिन्यातल्या आठपैकी तीन तास बुडले तर आई म्हणाली, भरून द्या नाहीतर पाचचीच फी घ्या. तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. तुम्ही नेमके काय शब्द वापरता?

गणिताच्या ताई: अहो, "बुडलेला" म्हणजे कोणी बुडवलेला ते लिहिलंच नाहीये ना! मी दोन वाक्यं केली. मी सुट्टी घेतली तर तास नक्की भरून देणार. मूल आलं नाही तर चार तास आधी मेसेज हवा, मग त्याच महिन्यात दुसऱ्या बॅचला जागा असेल तरच बसता येईल, महिन्यातून एकदाच, आणि फी कमी होणार नाही. तुमच्या केसमध्ये तिन्ही वेळा आधी कळवलं असतं तरी एकच तास मिळाला असता. आणि फी महिन्याची की आठ तासांची तेही लिहा, कारण मंगळवार-गुरुवारच्या बॅचला कधी आठ, कधी नऊ, क्वचित दहा तासही पडतात. मी लिहिते, "फी बॅचमधल्या जागेची आहे, तास कमीजास्त झाले तरी तेवढीच."

नवा क्लासवाला: तीन महिन्यांची फी आधीच घ्यायची, वादच मिटतो.

गणिताच्या ताई: बुडलेल्या तासाचा मिटतो हो, पण मूल दुसऱ्या महिन्यात सोडून गेलं की उरलेल्या फीचा सुरू होतो. सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं आणि काय परत मिळणार, तेही त्याच कागदावर हवं.

एक आई: मी शिकवत नाही, पण आमचं सांगते. क्लासच्या कागदावर होतं "दुसऱ्या बॅचला बसता येईल", आम्हाला वाटलं बॅच बदलली म्हणून मुलगा महिनाभर संध्याकाळच्याच बॅचला जात राहिला, शेवटी एकदा खुर्चीच शिल्लक नव्हती आणि तो दारात उभा. "फक्त त्या एका दिवसापुरतं" एवढे शब्द असते तरी कळलं असतं हो.

धागाकर्ती: हे माझ्याही कागदात नव्हतं, आजच घातलं. आता नियमाखाली उदाहरणही दिलंय: "मंगळवारी ताप, दुपारी एकच्या आत मेसेज, पाचचा तास बुडला, शनिवारच्या बॅचला जागा आहे, तर त्या शनिवारी बसेल." कालच एका आजोबांना वाचायला दिलं, नियम सोडून उदाहरणच आधी वाचलं आणि बरोबर समजले. पण महिनाभर आजारी मुलाचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये, पूर्ण फी घ्यायला हात धजत नाही आणि जागा तर त्याच्यासाठी अडवून ठेवलेली असते. कोणी अर्धी फी घेतं का?